नव्या शहरात शाखा : विश्वस्त मंडळापुढील टिपण कसे लिहावे?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या आधीपासून आणि नंतरही इथल्या अनेक निवासी शाळांतून दहावी-बारावी झालेली मुले पुढील शिक्षणासाठी अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि विशेषतः पुणे या शहरांची वाट धरीत आली आहेत. शाळेच्या वसतिगृहात सहा-सात वर्षे राहिलेल्या मुलाला पुण्यात उतरल्यावर पहिला प्रश्न पडतो तो प्रवेशाचा नव्हे, खोलीचा. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की कुणीतरी उठून म्हणतोच, "संस्थेने पुण्यात एक वसतिगृह काढावे." टाळ्या पडतात, दोघे-तिघे देणगीचे आकडे जाहीर करतात आणि पुढच्या बैठकीत विषय मंडळासमोर येतो. तेथे तो बहुधा दोनपैकी एका रीतीने निकाली निघतो. भावनेच्या भरात मंजूर होतो, नाही तर "पुढे पाहू" म्हणून बाजूला पडतो.

या दोन्ही रीती टाळायच्या असतील तर बैठकीआधी प्रत्येक विश्वस्ताच्या हाती चार-पाच पानांचे टिपण असावे लागते. व्यवस्थापनशास्त्रात अशा टिपणाचे दोन आधार मानले जातात. पहिला आधार म्हणजे बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांची मांडणी. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'स्वॉट' म्हणतात. दुसरा आधार म्हणजे आर्थिक छाननी. दोन्ही कशा करायच्या हे पुस्तकांतून सापडते. त्या एकमेकींना जोडायच्या कशा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते, आणि बहुतेक टिपणे नेमकी तेथेच फसतात. स्वॉटचे पान सुबक असते, हिशोबाचे पानही सुबक असते, पण पहिल्या पानावर लिहिलेला धोका दुसऱ्या पानावर कुठेच खर्च म्हणून दिसत नाही.

हे जोडकाम एका उदाहरणाने पाहू. वाशीम जिल्ह्यातील एका निवासी शाळेची संस्था पुण्यात ८० विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढू इच्छिते, असे समजू. पुढील हिशोबातील भाडे, पगार, शुल्क आणि विद्यार्थिसंख्या हे आकडे उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. आपल्या संस्थेसाठी ते बदलतील, रीत बदलणार नाही.

प्रथम स्वॉट. अशा संस्थेच्या कार्यकर्त्यांना बलस्थाने विचारली की उत्तर तयार असते : पंचवीस-तीस वर्षांचा वसतिगृहाचा अनुभव, पालकांचा विश्वास, शिस्त. हे सारे खरे असते. पण टिपण लिहिणाऱ्याने प्रत्येक बलस्थानाला एक प्रश्न विचारावा : हे बळ गावाची वेस ओलांडून सोबत येते काय? पालकांचा विश्वास पुण्यापर्यंत येतो, कारण तो नावावर असतो. अधीक्षकांचा अनुभव अर्धाच येतो. बारा वर्षांच्या मुलांना पहाटे उठविणारा अधीक्षक एकोणीस वर्षांच्या, रात्री अकराला अभ्यासिकेतून परतणाऱ्या तरुणांना सांभाळील असे नाही, आणि तो स्वतः गाव सोडून पुण्यात राहायला जाईल काय, हाही प्रश्नच. भोजनगृहाचा अनुभव जवळजवळ येतच नाही. गावाकडे धान्य, जळण, भाजी आणि स्वयंपाकाला माणसे ज्या दराने मिळतात, तो दर पुण्यात नाही.

उणिवांच्या रकान्यात "निधीची कमतरता" एवढेच लिहून थांबण्याची सवय आहे. या उदाहरणात त्याहून मोठी उणीव अशी की पुण्यात संस्थेचा स्वतःचा जबाबदार माणूस नाही. पाण्याचा टँकर आला नाही, एखादा मुलगा आजारी पडला, शेजारच्या सोसायटीने तक्रार केली, तर निर्णय कोण घेणार? वाशीमहून फोनवर वसतिगृह चालत नाही. संस्थेच्या घटनेत कार्यक्षेत्र काय लिहिले आहे, हेही याच रकान्यात तपासावे. 'वाशीम जिल्हा' किंवा 'विदर्भ' एवढेच नमूद असेल तर आधी घटनादुरुस्तीची वाट धरावी लागेल. कर्ज काढण्याचा विचार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तिला लागणारे महिने वेळापत्रकात धरावे लागतात.

संधी या रकान्याविषयी आपल्या परिचयाचेच एक उदाहरण आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि चारच वर्षांनी, १९५० साली, संस्थेने औरंगाबादेत पाऊल ठेवले. तेथील महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. मुंबईच्या संस्थेला तेही नवेच शहर होते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. उच्च शिक्षणाच्या सोयी त्या भागात इतक्या तुटपुंज्या होत्या की मुलाला पदवी घ्यायची तर दूरच्या शहराचा खर्च पेलावा लागे. आजच्या परिभाषेत, संधी म्हणजे मोकळी जागा होती : गरज मोठी, भागविणारा जवळपास कुणी नाही.

पुण्याची संधी या जातीची नाही. तेथे गरज मोठी आहे, पण ती भागविणारेही शेकड्यांनी आहेत. शासकीय वसतिगृहे आहेत, विविध संस्थांची वसतिगृहे आहेत, 'कॉट बेसिस'वर खाट भाड्याने देणारी घरे आणि खासगी मेस गल्लोगल्ली आहेत. म्हणून "पुण्यात हजारो विद्यार्थी जातात" हे वाक्य संधी म्हणून लिहिण्यात अर्थ नाही. त्यांतले किती जण आपल्याकडे येतील, हे लिहायला हवे. त्यासाठी शाळेचे दाखला रजिस्टर घेऊन गेल्या तीन तुकड्यांतील मुले आज कोठे शिकतात, कोठे राहतात आणि महिन्याला काय भरतात, एवढे जरी फोनवरून विचारले तरी हाती ठोस काही लागते.

या ठिकाणी एक दक्षता घ्यावी. "संस्थेने वसतिगृह काढले तर येशील काय?" असे विचारल्यास कुणीही नाही म्हणत नाही, कारण होकाराला पैसे पडत नाहीत. आपल्या उदाहरणात ९० जणांनी होकार दिला. त्याच ९० जणांना हजार रुपये परत मिळणारी आगाऊ रक्कम भरण्यास सांगितले, तेव्हा ३८ जणांनी ती भरली. मंडळापुढे ३८ हा आकडा ठेवावा. ९० हा आकडा मेळाव्यापुरता ठीक आहे.

धोक्यांपैकी एकाच धोक्याकडे लक्ष वेधतो, कारण पुढचा सारा हिशोब त्यावर हलतो. आपल्या मुलांपैकी अनेकांचा आधार 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' हा आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून ती राबविली जाते. योजनेतील दरांनुसार पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. दर व अटी यांचा चालू शासन निर्णय ठरावाआधी अवश्य पाहावा. टिपणाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या. ही रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते, संस्थेच्या नव्हे. ती शासनाच्या वेळापत्रकाने येते, किराणा दुकानदाराच्या नव्हे, म्हणून तिला उशीर होतो असेच धरून चालावे. आणि भोजन व निवास मिळून तिच्यात ५२,००० रुपयेच असतात. त्यावरचे शुल्क निर्वाहाच्या रकमेतून किंवा पालकांच्या खिशातून यावे लागेल.

आता आर्थिक छाननीकडे येऊ. शुल्क दरमहा ६,००० रुपये, वर्षाचे ११ महिने, म्हणजे विद्यार्थ्यामागे ६६,००० रुपये. धान्य, भाजी, गॅस, वीज, पाणी असा विद्यार्थ्यागणिक वाढणारा खर्च दरमहा ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३३,०००. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३३,००० रुपये उरतात. यांतून मुले कितीही असली तरी करावाच लागणारा स्थिर खर्च भागवायचा आहे. इमारतीचे भाडे दरमहा १ लाख २० हजार म्हणजे वर्षाला १४ लाख ४० हजार, अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस व पहारेकरी यांचे पगार ७ लाख २० हजार, किरकोळ दुरुस्ती, विमा, लेखापरीक्षण व प्रवास ९० हजार. एकूण साडेबावीस लाख.

साडेबावीस लाखांना ३३ हजारांनी भागले की ६८.२ येतात. म्हणजे ६९ विद्यार्थी कायम असतील तेव्हा वसतिगृह ना नफा ना तोटा या बिंदूवर येते. क्षमता ८०, बिंदू ६९. अकरा खाटांच्या फरकावर सारे उभे आहे, ही गोष्ट टिपणाच्या पहिल्या पानावर यायला हवी.

सुरुवातीची गुंतवणूक अशी : खाटा, कपाटे, स्वयंपाकघर, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी व शुद्धीकरण यंत्र मिळून १२ लाख आणि घरमालकाकडे सहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत ७ लाख २० हजार. एकूण १९ लाख २० हजार. अनामत पाच वर्षांनी परत मिळेल. उत्साही टिपणात पुढचा हिशोब असा असतो : ८० मुले, २६ लाख ४० हजार उरले, त्यातून साडेबावीस लाख वजा, म्हणून दरवर्षी ३ लाख ९० हजार शिल्लक. पाच वर्षांत साडेएकोणीस लाख आले, अनामतही परत आली, प्रकल्प फायद्यात.

यात पहिली चूक म्हणजे पाच वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाएवढाच धरला आहे. आज हातातला पैसा बँकेत ठेवला तर त्यावर व्याज मिळते. ते व्याज आणि थोडी जोखीम मिळून वर्षाला ९ टक्के दर धरला तर पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या ६५ पैशांबरोबर होतो. याप्रमाणे दरवर्षीची शिल्लक आजच्या किमतीत आणून तिची बेरीज करायची आणि तीतून आजची गुंतवणूक वजा करायची. उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य. ८० मुले पहिल्या दिवसापासून धरली तरी ते जेमतेम अधिक ६५ हजार येते. शुल्क आणि खर्च दोन्ही पाच वर्षे स्थिर धरले आहेत. प्रत्यक्षात दोन्ही वाढतात, पण भाडे करारानुसार वाढते आणि शुल्क वाढविताना मंडळाचा हात अडखळतो, हे लक्षात असू द्यावे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ८० मुले पहिल्या दिवशी येत नाहीत. आगाऊ रक्कम भरणारे ३८ आणि प्रवेशानंतर येणारे काही मिळून पहिल्या वर्षी ४५, दुसऱ्या वर्षी ६५, पुढे ७६ धरले तर पहिल्या वर्षी ७ लाख ६५ हजारांची तूट येते, दुसऱ्या वर्षी १ लाख ५ हजारांची, आणि तिसऱ्या वर्षापासून २ लाख ५८ हजार शिल्लक राहू लागते. आता निव्वळ वर्तमान मूल्य उणे सुमारे १७ लाख होते.

व्यापारी कंपनी या ओळीवर थांबली असती. सेवाभावी संस्थेने मात्र थांबण्याची घाई करू नये. उणे १७ लाख याचा अर्थ प्रकल्प वाईट आहे असा नाही. त्याचा अर्थ असा की हे वसतिगृह चालविण्यासाठी आजच्या किमतीत १७ लाख रुपये देणगी म्हणून लागतील आणि ते शुल्कातून कधीच परत येणार नाहीत. पाच वर्षांत तेथे एकूण ३३८ विद्यार्थी-वर्षे राहणे घडेल. भागाकार केला तर एका मुलाच्या एका वर्षामागे संस्थेचे सुमारे पाच हजार रुपये पडतात. पाच हजारांत पुण्यात एका मुलाचे वर्ष सावरत असेल तर तो सौदा महाग म्हणता येणार नाही. मंडळाने चर्चा करायची ती या आकड्यावर : हे पाच हजार कोण देणार, आणि तेच पाच हजार त्या मुलाला थेट साहाय्य म्हणून दिले तर अधिक भले होईल काय?

तिसरी गोष्ट हिशोबात चूक म्हणून दिसतच नाही, आणि तीच संस्थांना बुडविते. ती म्हणजे रोख रकमेची ओढ. समजा, निम्मी मुले स्वाधारची रक्कम आल्यावर शुल्क भरणार आणि ती रक्कम सहा महिने उशिरा आली. दुसऱ्या वर्षी ६५ पैकी ३२ मुलांचे प्रत्येकी ३६,००० रुपये येणे राहिले. ही ११ लाख ५२ हजारांची रक्कम बुडालेली नाही, कागदोपत्री ती उत्पन्नच आहे, पण त्या सहा महिन्यांत तिने गॅसचे सिलिंडर येत नाही. मुलांना तर उपाशी ठेवता येत नाही. म्हणजे सुरुवातीचे १९ लाख २० हजार, दोन वर्षांची तूट ८ लाख ७० हजार आणि अडकलेले ११ लाख ५२ हजार मिळून संस्थेचे एकाच वेळी ३९ लाख ४२ हजार रुपये पुण्यात गुंतलेले असतील. मंडळाने मंजूर केले १९ लाख, लागले ४० लाख.

हे ४० लाख कोठून येणार? आपल्या उदाहरणातील संस्थेची गंगाजळी ४२ लाखांची आहे. त्यातले १८ लाख म्हणजे मूळ शाळेचा सहा महिन्यांचा खर्च : विनाअनुदानित शिक्षकांचे मानधन, वसतिगृहातील लहान मुलांचे जेवण, विजेचे बिल. शाळेचे अनुदान लांबले तर याच रकमेवर शाळा तगते. तिला हात लावायचा नाही असे ठरविले तर उरतात २४ लाख. म्हणजे ८० खाटांचे वसतिगृह दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सहावी-सातवीच्या मुलांच्या ताटातले काढून घ्यायला लागेल. पुण्यातले तरुण आणि गावातली लहान मुले यांना एकमेकांसमोर उभे करणारा निर्णय आपण घेत आहोत, हे ठरावाच्या दिवशी कुणाच्याच ध्यानात नसते. ते फक्त रोख रकमेच्या तक्त्यात दिसते. असा महिनावार तक्ता टिपणाला जोडलेला नसेल तर विश्वस्तांनी तो मागावा.

आता स्वॉटच्या पानाकडे परत जाऊ आणि तेथील ओळी हिशोबात उतरल्या की नाहीत ते तपासू. "पुण्यात जबाबदार माणूस नाही" ही उणीव अधीक्षकाच्या पगारात उतरली आहे, पण चांगला माणूस त्या पगारात मिळाला नाही तर काय, हे उतरलेले नाही. "स्पर्धा मोठी" हा धोका ४५, ६५, ७६ या चढत्या आकड्यांत उतरला. "अनुदानास विलंब" हा धोका नफातोट्यात कुठेच नव्हता, तो रोख तक्त्यात उतरला. "पालकांचा विश्वास" हे बळ आगाऊ रक्कम भरणाऱ्या ३८ जणांत मोजले गेले. ज्या ओळीचा कुठल्याच आकड्यावर परिणाम होत नाही ती ओळ खोडून टाकावी. "समाजाचा आशीर्वाद" ही ओळ मी अनेक टिपणांत पाहिली आहे. तिचे देणगीत रूपांतर किती झाले, एवढेच हिशोबनीस विचारू शकतो.

कोणते गृहीत डळमळले तर किती फरक पडतो, तेही एकदा पाहावे. भाडे दहा टक्क्यांनी वाढले तर वर्षाला १ लाख ४४ हजारांचा फरक पडतो. दहा मुले कमी आली तर ३ लाख ३० हजारांचा. मंडळाच्या बैठकीत मात्र भाड्यावर तासभर घासाघीस चालते आणि मुलांच्या संख्येवर पाच मिनिटे.

शिफारस काय करावी? या उदाहरणात ८० खाटांना आज 'नाही' म्हणावे लागेल. पण टिपण नकारावर संपवू नये. लहान पावलाचा हिशोब करून पाहावा. दोन-तीन सदनिका 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर घेऊन ३० मुलांची सोय केली, स्वतःचे भोजनगृह न काढता जवळच्या मेसशी करार केला, तर विद्यार्थ्यामागचा खर्च दरमहा ३,६०० होतो आणि वर्षाला २६,४०० रुपयेच उरतात. भाडे ४ लाख ८० हजार, निवासी अधीक्षक व स्वच्छता २ लाख ४० हजार, किरकोळ ४० हजार, असा स्थिर खर्च ७ लाख ६० हजार होतो. ना नफा ना तोटा बिंदू २९ वर येतो, म्हणजे क्षमतेला जवळजवळ चिकटलेला. हे वसतिगृह पैसा उभा करणार नाही हे उघड आहे. पहिल्या वर्षी सरासरी २७ मुले धरली तर ४७ हजारांची तूट, दुसऱ्या वर्षी ३० भरली तर ३२ हजारांची शिल्लक.

पण रोख तक्ता पाहा. सामान साडेतीन लाख, अनामत २ लाख ४० हजार, तूट आणि निम्म्या मुलांचे सहा महिन्यांचे येणे धरूनही एकाच वेळी गुंतणारी रक्कम बारा लाखांच्या पुढे जात नाही. २४ लाखांच्या मर्यादेत ती सहज बसते. दोन वर्षांनी बंद करावे लागले तर अनामत परत येते, खाटा गावी परत आणता येतात आणि खरे नुकसान साडेतीन ते पावणेचार लाखांच्या आसपास राहते, थकलेले शुल्क पुरते बुडाले नाही तर. त्या पैशांत संस्थेने विकत घेतलेली वस्तू म्हणजे माहिती : मुले किती टिकतात, शुल्क केव्हा येते, मेसबद्दलची तक्रार किती दिवसांनी वाशीमला कळते. या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही सर्वेक्षणातून मिळत नाहीत.

सदनिकांचा एक तोटा आधीच सांगितला पाहिजे. अनेक गृहनिर्माण सोसायट्यांना विद्यार्थ्यांचा मोठा गट नको असतो. करार करण्यापूर्वी सोसायटीचे लेखी ना हरकत घ्यावे. करार नोंदणीकृत असावा आणि मुदतीआधी घर सोडल्यास किती दंड, हे कलम वकिलाकडून वाचून घ्यावे. सत्राच्या मध्येच तीस मुले रस्त्यावर येण्याचा धोका याच कलमात असतो.

लहान सुरुवात ही कमीपणाची गोष्ट आहे, असे काही माजी विद्यार्थ्यांना वाटते. त्यांचे म्हणणे असे की स्वतःची जागा, स्वतःची इमारत, नावाची पाटी असल्याशिवाय देणगीदार पुढे येत नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे, खाटेपेक्षा कोनशिलेला देणगी लवकर मिळते. तरी औरंगाबादचा क्रम पाहावा. महाविद्यालय १९५० मध्ये तात्पुरत्या जागेत भरू लागले आणि इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसली. विद्यार्थी आधी आले, दगड नंतर.

विस्तार केव्हा करायचा, हेही आजच लिहून ठेवावे. दोन वर्षांनी ठरवू म्हटले की तेव्हा जे घडले असेल त्यालाच यश म्हटले जाते. मोठ्या वसतिगृहाचा बिंदू ६९ होता. तीस मुले आत असतील तर बाहेर आगाऊ रक्कम भरून थांबलेली किमान ३९ मुले हवीत. त्याखेरीज नव्वद दिवसांहून जुने येणे किती असावे, याची मर्यादा घालावी. आणि पुण्यात राहणारे दोन माजी विद्यार्थी स्थानिक समितीवर लेखी संमतीने यावेत. मेळाव्यात हात वर करणे ही संमती नव्हे.

या सर्वांवरून मंडळापुढे ठेवायचा ठराव साधारण असा होईल :

"पुणे येथे ८० विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू करण्याचा प्रस्ताव सध्या स्वीकारण्यात येत नाही. त्याऐवजी ३० विद्यार्थ्यांची निवास व्यवस्था दोन शैक्षणिक वर्षांसाठी भाड्याच्या जागेत सुरू करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. या कामी कोणत्याही वेळी संस्थेची १२ लाखांपेक्षा अधिक रक्कम गुंतणार नाही. मूळ शाळेच्या १८ लाखांच्या राखीव निधीस हात लावला जाणार नाही. कोषाध्यक्ष दर तीन महिन्यांनी विद्यार्थिसंख्या, थकीत शुल्क आणि रोख शिल्लक असे तीनच आकडे मंडळास लेखी कळवतील. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये प्रतीक्षायादीत आगाऊ रक्कम भरलेले ३९ विद्यार्थी असल्यास व थकबाकी ठरलेल्या मर्यादेत असल्यास मोठ्या वसतिगृहाचा प्रस्ताव नव्या टिपणासह मांडण्यात येईल. तसे नसल्यास चालू वर्षातील विद्यार्थ्यांची परीक्षा संपेपर्यंत सोय ठेवून व्यवस्था बंद करण्यात येईल."

ठरावात डिसेंबर महिना मुद्दाम घातला आहे. मार्चमध्ये आढावा घेतला तर घरमालकाला नोटीस देण्याची मुदत निघून गेलेली असते आणि निर्णय मंडळाऐवजी करारच करून टाकतो.